जानेवारीचा पगार कमी का आला? पेस्लिप आणि टीडीएसबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी जानेवारीची पेस्लिप गेली की आमच्या पगार विभागाकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो: ग्रॉस तेवढाच आहे, मग हातात कमी का आलं? एका सहकारी बाईंनी यंदा हा प्रश्न नीट आकड्यांसह विचारला. त्यांना दिलेलं उत्तर आणि त्यानंतर इतरांनी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळी माहिती आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या पगाराची, म्हणजे १९६१ च्या आयकर कायद्याखालची आहे. बाईंचे आकडे त्यांच्या परवानगीने, थोडे गोल करून वापरले आहेत.

१. पगारवाढ राहू दे, पण डिसेंबरपेक्षा जानेवारीत कमी पैसे कसे आले?

एप्रिलपासून डिसेंबरपर्यंत आम्ही तुमचा कर तुमच्या शब्दावर कापतो. वर्षाच्या सुरुवातीला तुम्ही डिक्लरेशन भरता: एवढं घरभाडं देईन, एवढी गुंतवणूक करीन, एवढं व्याज भरीन. तो आकडा धरून आम्ही वर्षाच्या कराचा अंदाज काढतो आणि त्याचा बारावा भाग दर महिन्याला कापतो. जानेवारीत शब्दाची जागा कागद घेतो. ज्या रकमेचं प्रूफ आलं नाही किंवा आलेलं प्रूफ चाललं नाही, ती रक्कम वजावटीतून निघते, करपात्र उत्पन्न वाढतं आणि वर्षाचा कर नव्याने काढला जातो. आधीच्या नऊ महिन्यांत जेवढा कमी कापला गेला, तोही आता उरलेल्या तीन महिन्यांत बसवावा लागतो.

हे जुन्या करपद्धतीत असलेल्यांना लागू आहे. नव्या करपद्धतीत घरभाडं, ८० सी, ८० डी यांची वजावटच नसते, त्यामुळे प्रूफवरून जानेवारीत काही बदलत नाही. तुम्ही नव्या पद्धतीत असूनही पगार घटला असेल, तर प्रश्न ७ पासून पुढे वाचा.

२. पेस्लिपमध्ये नेमकं कुठे बघायचं?

आधी डिसेंबर आणि जानेवारीच्या पेस्लिप शेजारी शेजारी ठेवा आणि कपातींचा रकाना ओळीने जुळवा. पीएफ आणि व्यवसाय कर तेवढेच असतील आणि फक्त ‘आयकर’ किंवा ‘टीडीएस’ची ओळ फुगली असेल, तर कारण कराचंच आहे. मग पेस्लिपसोबत येणारा कराच्या हिशेबाचा तक्ता उघडा. त्यात प्रत्येक वजावटीपुढे दोन आकडे असतात, तुम्ही जाहीर केलेला आणि आम्ही मान्य केलेला. हे दोन जिथे वेगळे दिसतात, तिथेच तुमचं उत्तर आहे. तक्त्याच्या वरच्या भागात कोणती करपद्धती लिहिली आहे, तेही त्याच वेळी बघून घ्या. निम्म्या तक्रारींचं उत्तर त्या एका ओळीत मिळतं.

३. एखाद्याचे आकडे मांडून दाखवा ना.

वर उल्लेख केलेल्या बाई पुण्यात भाड्याने राहतात. कोल्हापूरचं घर कर्जावर घेतलेलं आहे आणि तिथे त्यांचे आईवडील राहतात. वर्षाचा ग्रॉस १५,००,००० रुपये, त्यात मूळ वेतन ७,५०,००० आणि घरभाडे भत्ता ३,००,०००. त्यांनी जुनी करपद्धती निवडली होती.

एप्रिलच्या डिक्लरेशनप्रमाणे त्यांच्या वजावटी अशा होत्या: प्रमाणित वजावट ५०,०००, व्यवसाय कर २,५००, घरभाडे भत्त्याची सूट २,८५,०००, गृहकर्जाचं व्याज २,००,०००, ८० सी खाली १,५०,०००, आणि आरोग्य विम्यासाठी ७५,००० (स्वतःचे २५,००० आणि ज्येष्ठ आईवडिलांचे ५०,०००). एकूण ७,६२,५००. करपात्र उत्पन्न उरलं ७,३७,५००. त्यावर ६०,००० कर आणि ४ टक्के उपकर मिळून ६२,४००, म्हणजे महिना ५,२००.

दर महिन्याच्या १,२५,००० मधून पीएफ ७,५००, व्यवसाय कर २०० आणि टीडीएस ५,२०० वजा जाऊन डिसेंबरपर्यंत त्यांच्या हातात १,१२,१०० येत होते.

जानेवारीत दोन गोष्टी अडल्या. भाड्याच्या पावत्या आल्या, पण घरमालकाचा पॅन आला नाही. आईवडिलांच्या विम्याचा हप्ता मार्चमध्ये असल्यामुळे त्याची पावती अजून निघालीच नव्हती. २,८५,००० आणि ५०,००० अशा ३,३५,००० च्या वजावटी तूर्त बाजूला पडल्या. करपात्र उत्पन्न १०,७२,५०० झालं. त्यातले शेवटचे ७२,५०० रुपये थेट ३० टक्क्यांच्या टप्प्यात गेले. वर्षाचा कर उपकरासह १,३९,६२० झाला. नऊ महिन्यांत ४६,८०० कापले होते, उरले ९२,८२०, आणि महिने तीनच. म्हणून जानेवारीत टीडीएस ३०,९४० आणि हातात ८६,३६०.

घट २५,७४० ची. त्यांनी मेलमध्ये ‘काहीतरी चूक झाली असावी’ असं लिहिलं होतं, आणि हा आकडा पाहून कुणालाही तसंच वाटेल. हिशेब मात्र बरोबर होता. कागद अपुरे होते, आणि तो इलाज त्यांच्या हातात होता.

४. वर्षभराचा फरक तीन महिन्यांतच का? पुढच्या वर्षी थोडा थोडा कापा.

पगारावरचा कर कलम १९२ प्रमाणे त्या त्या आर्थिक वर्षाचा त्याच वर्षात कापायचा असतो. वर्षाच्या मध्यात कमी-जास्त झालेलं पुढच्या महिन्यांत जुळवून घ्यायची मुभा कायदा देतो, पण ती ३१ मार्चला संपते. आम्ही कमी कापला तर न कापलेल्या रकमेवर महिना १ टक्का व्याज कंपनीला भरावं लागतं. म्हणून ‘या महिन्यात घरात लग्न आहे, फेब्रुवारीत कापा’ अशी विनंती कितीही खरी असली तरी आम्हाला पूर्णपणे मान्य करता येत नाही.

दुसरी एक वाट आहे, आणि ती डिसेंबरात उघडी असते. एखाद्या वजावटीचा कागद मिळणार नाही असं दिसू लागलं, तर तेव्हाच डिक्लरेशनमधली ती रक्कम कमी करा. फरक तीनऐवजी चार महिन्यांवर पसरतो.

५. घरभाड्याच्या पावत्या दिल्या होत्या. मग सूट का नाकारली?

सर्वांत जास्त मेल याच कारणाने येतात, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

वर्षाचं भाडं १,००,००० रुपयांच्या वर असेल, तर फॉर्म १२ बीबी मध्ये घरमालकाचं नाव, पत्ता आणि पॅन तिन्ही लागतात. महिना साडेआठ हजार भाडं असलं तरी वर्षाचं १,०२,००० होतं, त्यामुळे शहरात राहणारे जवळजवळ सगळे या नियमात येतात. घरमालकाकडे पॅनच नसेल, तर तसं त्याचं सहीचं निवेदन नाव-पत्त्यासह आणा. पॅन आहे पण तो द्यायला तयार नाही, ही वेगळी गोष्ट आहे. तिथे आम्ही सूट देऊ शकत नाही. भाडेकरार करतानाच पॅन मागून घेतलेला बरा, कारण जानेवारीत घरमालकाला त्याची घाई नसते.

सूट किती मिळते, यावरही गैरसमज असतो. भरलेलं सगळं भाडं सुटत नाही. तीन आकड्यांपैकी सर्वांत लहान आकडा सुटतो: प्रत्यक्ष मिळालेला भत्ता, भरलेल्या भाड्यातून मूळ वेतनाचा १० टक्के भाग वजा करून उरलेली रक्कम, आणि मूळ वेतनाचा ५० टक्के भाग. हे ५० टक्के या वर्षासाठी मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चारच शहरांना आहेत. पुणे, नागपूर, नाशिक इथे ४० टक्के. बाईंचं भाडं वर्षाला ३,६०,०००, त्यातून ७५,००० गेले की २,८५,०००. बाकीचे दोन्ही आकडे ३,००,००० होते, म्हणून सूट २,८५,००० ठरली.

आईवडिलांच्या नावावरच्या घरात राहून त्यांना भाडं देत असाल तर तेही चालतं, पण ते खरोखर बँकेतून गेलेलं हवं आणि त्यांनी ते आपल्या उत्पन्नात दाखवायला हवं. भाडं न देता नुसत्या पावत्या जोडू नका. घरमालकाचा पॅन आयकर खात्याकडे जातो आणि त्याच्या रिटर्नशी जुळवून पाहिला जाऊ शकतो.

६. कागद आता फेब्रुवारीत मिळाला. कापलेले पैसे परत द्याल का?

पुढची कपात थांबवू शकतो. गेलेली रक्कम हातात परत देऊ शकत नाही, कारण जानेवारीचा टीडीएस ७ फेब्रुवारीपर्यंत सरकारकडे जमा झालेला असतो.

बाईंनी फेब्रुवारीच्या कट-ऑफआधी घरमालकाचा पॅन आणला. भाड्याची सूट परत बसली. विम्याचा हप्ता अजून भरायचाच होता, म्हणून वर्षाचा कर त्या दिवशी ७२,८०० ठरला. त्यांचे जानेवारीपर्यंत ७७,७४० कापून झाले होते. म्हणजे फेब्रुवारी आणि मार्च दोन्ही महिन्यांत टीडीएस शून्य. फेब्रुवारीत त्यांच्या हातात १,१७,२०० आले, नेहमीपेक्षा जास्तच.

मार्चअखेर विम्याचा हप्ता भरल्यावर त्यांचा खरा कर ६२,४०० च राहतो. ७७,७४० मधले १५,३४० रुपये जास्त गेलेले आहेत, ते रिटर्न भरल्यावर परताव्यात मिळतील. मार्चच्या कट-ऑफनंतर आलेली पावती आम्हाला उपयोगाची नसते, पण तुम्हाला असते. हप्ता ३१ मार्चच्या आत भरलेला असेल तर रिटर्नमध्ये ती वजावट घेता येते. आरोग्य विम्याचा हप्ता रोखीने मात्र भरू नका, रोखीच्या हप्त्याला वजावट मिळत नाही.

७. मी काहीच निवडलं नव्हतं. माझा टीडीएस एप्रिलपासूनच जास्त का?

२०२३-२४ पासून नवी करपद्धती आपोआप लागू होणारी पद्धत आहे. आम्ही एप्रिलमध्ये मेल करून विचारतो. उत्तर आलं नाही तर तुम्ही नव्या पद्धतीत आहात असं धरूनच कर कापावा लागतो. गेल्या वर्षी जुनी निवडली होती म्हणून यंदाही तीच चालू राहील, असं होत नाही. दर वर्षी नव्याने कळवावं लागतं.

नवी पद्धत वाईट आहे असं नाही. बहुतेक सहकाऱ्यांना तीच फायद्याची पडते, कारण या वर्षी तिच्यात ४ लाखांपर्यंत कर नाही आणि प्रमाणित वजावट ७५,००० आहे. पण वर सांगितलेल्या बाईंसारखं भाडं, गृहकर्ज आणि विमा सगळंच असेल, तर जुनी पद्धत खूप स्वस्त पडते. त्यांना नव्या पद्धतीत ९७,५०० कर आला असता.

८. मग आता, वर्षाच्या मध्यात, पद्धत बदलून द्याल का?

आमच्याकडे एप्रिलमधली निवड वर्षभर चालते. पण आम्ही लावलेली पद्धत फक्त टीडीएसपुरती आहे. फक्त पगार, व्याज, भाडं असं उत्पन्न असलेल्या माणसाला रिटर्न भरताना दुसरी पद्धत निवडता येते आणि जास्त गेलेला कर परत मिळतो. दोन अटी मात्र पक्क्या लक्षात ठेवा. जुनी पद्धत हवी असेल तर रिटर्न मुदतीच्या आत भरलं पाहिजे. उशिरा भरलेल्या रिटर्नमध्ये जुनी पद्धत घेता येत नाही. आणि नोकरीसोबत धंदा किंवा व्यवसायाचं उत्पन्न असेल, तर फॉर्म १०-आयईए भरावा लागतो आणि पुन्हा पुन्हा बदलण्याची मोकळीक राहत नाही.

याची दुसरी बाजूही पाहा. बाईंच्या भाड्याची सूट आणि विमा खरोखरच हातचा गेला असता, तर जुन्या पद्धतीत १,३९,६२० आणि नव्यात ९७,५०० असा हिशेब झाला असता. प्रूफ अडलं की रिटर्न भरण्याआधी दोन्ही पद्धतींनी कर काढून बघा. एप्रिलमध्ये बरोबर ठरलेली निवड मार्चमध्ये चुकीची ठरू शकते.

९. बारा लाखांपर्यंत कर नाही म्हणाले होते. माझा कापला कसा?

ती सवलत फक्त नव्या पद्धतीत आहे, आणि १२ लाख हा आकडा वजावटीनंतरच्या उत्पन्नाचा आहे. पगारदाराला ७५,००० ची प्रमाणित वजावट धरून १२,७५,००० पर्यंत कर येत नाही. तुम्ही जुन्या पद्धतीत असाल तर ही सवलत तुम्हाला नाही.

आता अवघड भाग. समजा तुमचा वर्षाचा पगार बरोबर १२,७५,००० आहे आणि जानेवारीत १५,००० इन्सेंटिव्ह मिळाला. उत्पन्न १२,१५,००० झालं. नेहमीच्या टप्प्यांनी कर ६२,२५० येतो, पण कायद्यातल्या सीमान्त सवलतीमुळे कर १२ लाखांच्या वर गेलेल्या रकमेइतकाच, म्हणजे १५,००० राहतो. त्यावर ४ टक्के उपकर लागून १५,६००. पंधरा हजार मिळाले आणि पंधरा हजार सहाशे कर गेला. ऐकायला पटत नाही, तरी हिशेब असाच आहे. या रेषेजवळ असाल आणि कंपनी तुमच्या एनपीएस खात्यात भरणा करत असेल, तर आमच्याशी बोला. तो भरणा मूळ वेतनाच्या १४ टक्क्यांपर्यंत नव्या पद्धतीतही वजा होतो.

शेअरमधल्या अल्पकालीन नफ्यासारख्या विशेष दराच्या उत्पन्नावरच्या कराला ही सवलत लागू नाही.

१०. बोनसच्या महिन्यात एवढा टीडीएस का?

बोनस मिळाला की वर्षाचं अंदाजित उत्पन्न वाढतं आणि वाढलेला कर उरलेल्या महिन्यांत वसूल होतो. तुमच्या सर्वांत वरच्या टप्प्याचा दर त्या रकमेला लागतो, म्हणून कपात मोठी दिसते. मागच्या वर्षांचे थकलेले पगार एकरकमी मिळाले असतील, तर कलम ८९ चा दिलासा मिळू शकतो. त्यासाठी रिटर्नच्या आधी आयकर पोर्टलवर फॉर्म १० ई भरावा लागतो. तो न भरता दिलासा मागितला की रिटर्नच्या छाननीत तो कापला जातो.

११. ऑक्टोबरमध्ये ही नोकरी धरली. आधीच्या कंपनीचा पगार सांगितल्यावर कर का वाढला?

कारण तोपर्यंत दोन्ही कंपन्या तुम्हाला स्वतंत्र माणूस समजत होत्या. सहा महिने तिकडे ६ लाख, सहा महिने इकडे ८ लाख: दोघांनाही १२,७५,००० च्या आतला पगार दिसला आणि नव्या पद्धतीत कुणीच कर कापला नाही. तुम्ही जानेवारीत फॉर्म १२ बी दिलात, एकूण १४ लाख समोर आले आणि वर्षाचा कर ८१,९०० निघाला. तीन महिन्यांत वाटला की महिना २७,३००.

न सांगणं हा उपाय नाही. तोच कर रिटर्न भरताना व्याजासह एकदम भरावा लागतो. रुजू होताना पहिल्याच आठवड्यात फॉर्म १२ बी दिला, तर हीच रक्कम सहा महिन्यांवर पसरते.

१२. माझी कपात तर थेट २० टक्के दिसते.

पॅन बघा. पॅन दिलेला नसेल, किंवा आधारशी न जोडल्यामुळे तो निष्क्रिय झालेला असेल, तर कर लागू होणाऱ्या पगारावर सरासरी दर किंवा २० टक्के, यातला जो जास्त असेल त्याने कापावं लागतं. आयकर पोर्टलवर पॅनची स्थिती तपासता येते. तो सुरू झाला की आम्हाला कळवा, पुढच्या पगारापासून नेहमीचा हिशेब लागेल.

१३. फक्त शंभर रुपये कमी आलेत.

फेब्रुवारीचा पगार असेल तर तो व्यवसाय कर आहे. महाराष्ट्रात तो वर्षाला २,५०० आहे: अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३००.

१४. जास्त कापलेला कर परत कधी मिळेल, आणि तो माझ्या नावावर जमा झाला हे कसं कळणार?

शेवटच्या तिमाहीचं टीडीएस विवरण आम्ही ३१ मेपर्यंत भरतो आणि फॉर्म १६ तुम्हाला १५ जूनपर्यंत देतो. रिटर्नची घाई त्याआधी करू नका. फॉर्म १६ हातात आला की पोर्टलवरच्या फॉर्म २६ एएस मधला टीडीएस आणि तुमच्या बारा पेस्लिपमधल्या टीडीएसची बेरीज जुळवा. तिन्हीकडे एकच आकडा हवा. पेस्लिपमध्ये कापलेला आणि २६ एएस मध्ये न दिसणारा रुपया असेल, तर तो शोधणं आमचं काम आहे. महिना आणि रक्कम लिहून मेल करा, आम्ही विवरण दुरुस्त करून देतो.

जुळलं की रिटर्न भरा, ई-व्हेरिफाय करा आणि परताव्यासाठी दिलेलं बँक खातं पोर्टलवर व्हॅलिडेट झालं आहे का, ते बघा. रिटर्न बरोबर असूनही परतावा अडकतो, तो बहुतेक वेळा या शेवटच्या पायरीवर.